थायरॉइडचे वृद्ध रुग्ण : अंग गार, नाडी मंद आणि न उतरणारी गुंगी
(घरी शुश्रूषा-सेवा घेणाऱ्या कुटुंबांसाठी)

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं, रोज सकाळी गोळी ठरलेली. डिसेंबरात गोळ्या संपल्या, त्या आणायच्या राहून गेल्या. तीन आठवडे काहीच जाणवलं नाही, कारण हे औषध शरीरातून फार सावकाश उतरतं. मग लघवीला जळजळ सुरू झाली आणि दोन दिवसांत आजी दिवसभर झोपून राहू लागल्या. हाक मारली तर अर्धवट, अडखळत उत्तर. नाडी मिनिटाला ४४. थर्मामीटरवर "Lo".

घरचे म्हणतात, थर्मामीटर बिघडला. तसं नसतं. बरेच डिजिटल थर्मामीटर ३२ अंश सेल्सिअसच्या खाली "Lo" दाखवतात. दुसऱ्या थर्मामीटरनं पुन्हा मोजा. ३५ च्या खालचं तापमान आणि सोबत गुंगी असेल तर ही तातडीची वेळ आहे. थायरॉइडचं संप्रेरक फार कमी पडल्यानं येणाऱ्या या अवस्थेला मिक्सिडिमा कोमा म्हणतात. नावात कोमा असला तरी सुरुवातीला रुग्ण पूर्ण बेशुद्ध नसतो. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असंही समजू नका. इथे संसर्ग असूनही ताप चढत नाही.

संसर्ग आणि बंद पडलेली गोळी ही नेहमीची कारणं. त्याखेरीज थंडी, झोपेचं किंवा तीव्र वेदनाशामक औषध, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांनीही ही अवस्था ओढवते.

लगेच १०८ ला फोन करा. तोवर कोरडं पांघरूण घाला, खोली उबदार ठेवा. शेक, गरम पाण्याची पिशवी नको. कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. गुंगीत पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. झोपेचं औषध तर अजिबात नाही, श्वास आधीच मंदावलेला असतो.

पोचल्याबरोबर डॉक्टरांना थायरॉइडबद्दल सांगा, मानेवरचा व्रण दाखवा. नाही तर मंद नाडीचा शोध फक्त हृदयात घेतला जातो. पहिल्या तासात श्वास सांभाळतात (गरज पडल्यास व्हेंटिलेटरनं), ईसीजी काढतात, रक्तातली साखर आणि सोडियम पाहतात. टीएसएच, टी-फोर आणि कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं की अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू होतात. आधी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, बहुधा १०० मिलिग्रॅम. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कमकुवत असतील तर नुसत्या थायरॉक्सिननं धोका वाढतो, म्हणून हा क्रम. मग थायरॉक्सिनची पहिली मोठी मात्रा, साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम शिरेतून. वय जास्त किंवा हृदय नाजूक असेल तर ती कमी ठेवतात. इंजेक्शन नसेल तिथे गोळी नाकातल्या नळीतून देतात. प्रतिजैविकंही त्याच तासात. नाडी आणि तापमान यांना वर यायला तास-दिवस लागतात, त्यामुळे आयसीयूत ठेवावं लागतं.

आमच्या परिचारिकेला गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवत जा. खंड पडलेला तिथेच कळतो.