फ्लश केल्यावर कमोडच्या बुडातून पाणी येते तेव्हा

फोनवर आम्हाला बहुतेक वेळा एकच मागणी ऐकू येते: "कमोड जरा हलतो, खालून थोडं पाणी येतं. येऊन बोल्ट आवळून द्या, बाकी काही नाही." आम्ही येऊन बोल्ट आवळून, पैसे घेऊन जाऊ शकतो. पण पंधरा दिवसांनी तेच पाणी पुन्हा दिसेल. असे का होते ते ग्राहकांना आधीच कळावे म्हणून हे पत्रक.

जमिनीवर बसवलेल्या आणि जमिनीतच निचरा असलेल्या कमोडची रचना सोपी आहे. फरशीतून चार इंची पाइपाचे तोंड वर आलेले असते. त्यावर कमोडचे खालचे तोंड बसते आणि दोहोंच्या मध्ये सील असते. सील म्हणजे रबराची गॅस्केट किंवा मेणाची रिंग. जुन्या कामात बऱ्याचदा नुसता सिमेंटचा गिलावा सापडतो. बाजूचे दोन बोल्ट पाणी अडवत नाहीत. कमोड हलू न देणे आणि सील दाबून धरणे एवढेच त्यांचे काम. (ज्यांच्या कमोडचा निचरा मागच्या भिंतीत जातो, त्यांचा सांधा मागे असतो. त्यांची गळती मागच्या बाजूने सुरू होते.)

बोल्ट सैल झाला की कमोडवर बसताना तो केसभर कलतो, उठताना परत येतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे होते. मेण एकदा दाबले गेले की परत फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक कलण्याने त्यात थोडी फट पडते. सिमेंट तर सरळ तडकते. रबर जास्त दिवस टिकते, पण तेही कडक होऊन एका बाजूला सरकते. म्हणून बोल्ट आवळून कमोड घट्ट बसला तरी खालचे सील फाटलेलेच राहते. नव्या रबरी गॅस्केटवरचा बोल्ट नुकताच सैल झाला असेल, तर आवळल्यावर गळती थांबू शकते. मेण आणि सिमेंट यांच्या बाबतीत तशी आशा धरू नका.

बोल्ट सैल का होतो, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा फरशीच्या उतारात असते. न्हाणीचे पाणी जाळीकडे जावे म्हणून टाइल उतरत्या बसवतात, पण कमोडचे बूड सपाट असते. एका कोपऱ्याखाली पोकळी राहते आणि बसवणारा घाईत असला की ती व्हाइट सिमेंटने झाकून टाकतो. दुसरे कारण साध्या लोखंडी स्क्रूचे. आपल्या दमट हवेत, ओल्या फरशीवर ते लवकर गंजतात आणि डोके तुटून हातात येते. आम्ही स्टेनलेस स्टील किंवा पितळेचेच वापरतो.

आम्हाला बोलावण्याआधी एक तपासणी घरीच करा. टाकी, अँगल कॉक, त्याची पाइप आणि कमोडची बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. बुडाभोवती कोरडा कागद पसरा. अर्धा तास फ्लश न करता थांबा. कागद तेवढ्यात ओला झाला तर गळती वरची आहे, म्हणजे टाकीची किंवा कॉकची, आणि ते काम स्वस्तातले आहे. कागद कोरडा राहिला तर भांड्यातल्या पाण्यात खायचा लाल रंग घाला (हळद नको, सांध्यांत डाग बसतो) आणि फ्लश करा. बुडाशी लालसर पाणी आले म्हणजे सील गेले आहे किंवा कमोडच्या खालच्या भागाला तडा आहे. मग कमोडच्या कडेला दोन्ही हात ठेवून हलकेच डावी-उजवीकडे दाबा. नुसत्या हाताने हलत असेल तर बोल्टही गेलेला आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. फ्लशचे पाणी भांड्यात वर चढून हळूहळू उतरते का? न्हाणीच्या जाळीतून गुडगुड येते का? तसे असेल तर शोषखड्डा भरलेला आहे किंवा लाइन तुंबली आहे. पाणी पुढे जात नाही आणि सांध्यातून बाहेर पडते. अशा वेळी सील बदलून उपयोग नाही, आधी लाइन मोकळी करावी लागते.

डिचोलीतल्या एका दुमजली घरातले काम सांगतो, म्हणजे सगळे एकत्र दिसेल. चवथीला पाहुणे येणार म्हणून यजमानांनी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जुन्या टाइलवरच नव्या टाइल लावून घेतल्या. जमीन साधारण 20 मिलिमीटरने वर आली, पाइपाचे तोंड मात्र होते तिथेच राहिले. कमोड परत बसवताना नेहमीच्या जाडीची मेणाची रिंग घातली. ती पाइपाच्या तोंडाला जेमतेम टेकत होती. दोन महिन्यांनी बुडाशी ओल दिसली, तेव्हा कुणीतरी सगळीकडून व्हाइट सिमेंटची पट्टी मारून दिली. पाणी दिसेनासे झाले आणि घरात समाधान झाले. पुढे खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग उमटला.

हिशेब करून पाहा. एका फ्लशला चमचाभर, म्हणजे 15 मिलिलिटर पाणी निसटले आणि दिवसाला वीस फ्लश झाले, तर 300 मिलिलिटर. महिन्याला नऊ लिटर मैलापाणी टाइलखाली, आणि बाहेर यायला वाट नाही.

आम्ही कॉक बंद करून टाकी रिकामी केली, भांड्यातले पाणी स्पंजने टिपले, सिमेंटची पट्टी पात्याने कापली आणि दोघांनी मिळून कमोड सरळ वर उचलला. पाइपात लगेच कापड कोंबले, नाहीतर मैल्याच्या टाकीतला वायू घरात येतो. जुने मेण खरवडले आणि जागा पूर्ण वाळू दिली, कारण ओल्या जागेवर नवे सील धरत नाही. पाइपाला जोडतुकडा लावून तोंड नव्या टाइलच्या पातळीला आणले आणि रबरी गॅस्केट बसवली. जुनी भोके रुंदावली होती, म्हणून नव्या जागी भोके पाडली. त्यांत गिट्टी ठोकण्याआधी सिलिकॉन भरले, नाहीतर टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगला भोक पडलेलेच राहते. उताराच्या बाजूला प्लास्टिकच्या पातळ पाचरी सरकवून कमोड डगमगत नाही याची खात्री केली आणि मगच बोल्ट आवळले: एकदा डावा, एकदा उजवा, दर वेळी पाव फेरा. कमोड हलायचा थांबला की आम्हीही थांबतो. ताकद लावून आवळले तर चिनी माती तडकते आणि मग सीलऐवजी कमोडच विकत घ्यावा लागतो. काम तीन तासांचे झाले. छताचा डाग वाळायला मात्र बरेच दिवस गेले.

काम झाल्यावर तुम्हाला दोन गोष्टी खटकतील. कमोडच्या तीन बाजूंनी आम्ही सिलिकॉन मारतो आणि मागे चार बोटे जागा उघडी सोडतो. हे राहून गेलेले काम नव्हे. सील पुन्हा गेले तर पाणी त्या फटीतून दिसावे, छतातून नाही. कुणी हौसेने ती फट भरू नये. आणि सिलिकॉन सुकेपर्यंत 24 तास कमोड वापरायचा नाही, त्यामुळे घरात दुसरे संडास नसेल तर आधी सांगा. आम्ही काम सकाळी न धरता, तुम्ही गावी किंवा जत्रेला जाणार असाल त्या दिवशी धरू.