डायोडचा आलेख आणि रेक्टिफायरचे तरंगरूप (प्रश्नप्रकार)

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या सरावपत्रिकेतील या जोडप्रश्नात अर्धवाहक डायोडचा विद्युतप्रवाह-व्होल्टता आलेख आधी वाचायचा असतो आणि नंतर त्याच डायोडच्या रेक्टिफायरमधून बाहेर पडणाऱ्या व्होल्टतेचे तरंगरूप काढायचे असते. वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांतली मुले शाळेत हा भाग बहुधा गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. येथे तो मराठीतून मांडला आहे.

आलेख वाचताना सर्वप्रथम अक्षांवरील मापे पाहावीत, कारण फॉरवर्ड बाजूचा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये आणि रिव्हर्स बाजूचा मायक्रोअँपिअरमध्ये दाखवलेला असतो. त्यामुळे कागदावर सारख्या उंचीच्या दिसणाऱ्या रेषांमागे हजारपटीचा फरक असू शकतो. सिलिकॉन डायोडमधला प्रवाह सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत नगण्य राहतो आणि त्यानंतर झपाट्याने वाढतो. समजा, आलेखावर ०.७० व्होल्टला १० मिलिअँपिअर आणि ०.७५ व्होल्टला २० मिलिअँपिअर प्रवाह दिसतो. या भागातला गतिक रोध म्हणजे व्होल्टतेतील ०.०५ व्होल्टच्या बदलाला प्रवाहातील ०.०१ अँपिअरच्या बदलाने भागून येणारे ५ ओहम. अनेक विद्यार्थी ०.७५ ला ०.०२ ने भागून ३७.५ ओहम लिहितात. ते त्या बिंदूवरील स्थितिक रोधाचे उत्तर आहे, आणि प्रश्नात कोणता रोध विचारला आहे हे पाहिल्याशिवाय भागाकार करू नये.

आता हाच डायोड १ किलोओहम भाराशी जोडून त्याला ५ व्होल्ट शिखरमूल्याची, ५० हर्ट्झची ज्यावक्री व्होल्टता दिली, तर आलेखावरचे ०.७ व्होल्ट चित्रात उतरलेच पाहिजेत. आदान ०.७ व्होल्टच्या वर जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ८ अंशांपर्यंत, भारावरची व्होल्टता शून्यच असते. पुढे ती ४.३ व्होल्टच्या शिखरापर्यंत चढते आणि १७२ अंशांच्या सुमारास पुन्हा शून्यावर येते. म्हणून निर्गमाचा उंचवटा आदानापेक्षा ठेंगणा असतोच, पण अरुंदही असतो, आणि परीक्षकाच्या नजरेला हा अरुंदपणाच विद्यार्थ्याची समज दाखवतो. प्रश्नात डायोड आदर्श मानावा असे म्हटले असेल, तर मात्र शिखर ५ व्होल्टचेच काढावे आणि पूर्ण अर्धचक्र दाखवावे.

ऋण अर्धचक्रात भारावर सपाट शून्य रेषा येते. तेथे उलटा उंचवटा काढणे ही नेहमीची चूक आहे, तसेच सपाट भाग गाळून धन उंचवटे एकमेकांना चिकटवणे हीदेखील. चिकटलेले उंचवटे पूर्णतरंग रेक्टिफायरचे असतात, आणि त्यांची वारंवारता ५० ऐवजी १०० हर्ट्झ होते. चार डायोडच्या ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडमधून जातो, म्हणून त्याच आदानाला शिखर ३.६ व्होल्टवर उतरते.

व्होल्टता भाराऐवजी डायोडवर विचारली, तर चित्र बदलते: अर्धतरंग मंडलात धन अर्धचक्रात ती ०.७ व्होल्टच्या आसपास थबकते, आणि ऋण अर्धचक्रात आदानाचा वक्र जसाच्या तसा, उणे ५ व्होल्टपर्यंत, डायोडवरच दिसतो.