मॅक्रोचा ‘कोड’ नेमका कोणता? बेलापूरच्या एका फाइलची पार्श्वभूमी

न्हावा शेवा बंदरातून माल सोडवणाऱ्या एजंटांची बरीच कार्यालये सीबीडी बेलापुरात आहेत. त्यांपैकी एका कार्यालयातून माझ्याकडे ‘डिलिव्हरी ऑर्डर’ नावाची जुन्या धाटणीची .doc फाइल तपासायला आली. ती ज्या संगणकावर उघडली गेली, तिथे थोड्याच वेळात अनोळखी प्रोग्राम चालू झाला होता. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या बंदिस्त विंडोजवर तीच फाइल उघडून मॅक्रोला, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या छोट्या प्रोग्रामला, परवानगी दिली, तर काहीच घडले नाही. अहवाल ‘निर्धोक’ आला.

हा घोटाळा समजण्यासाठी 1997 पर्यंत मागे जावे लागते. त्याआधीही मॅक्रो विषाणू होते. वर्डमधला ‘कन्सेप्ट’ 1995 चा. वर्ड 97 मध्ये मात्र मॅक्रो लिहिण्यासाठी व्हीबीए ही भाषा आली आणि मॅक्रो साठवण्याची पद्धत बदलली. मॅक्रो लिहिणाऱ्याचा मजकूर कॉम्प्रेस करून फाइलमध्ये ठेवला जातो आणि त्याच्याच शेजारी त्यापासून तयार केलेला पी-कोडही ठेवला जातो, म्हणजे दर वेळी नव्याने भाषांतर करत बसावे लागत नाही. फाइल ज्या आवृत्तीत बनली तीच आवृत्ती उघडणाऱ्याकडे असेल तर थेट पी-कोड चालतो. आवृत्ती वेगळी असेल तर पी-कोड बाजूला टाकून मजकुरावरून तो पुन्हा तयार होतो.

आमच्या क्षेत्रात ‘मॅक्रोचा कोड काढला’ असे सर्रास म्हटले जाते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ फक्त मजकूर काढला एवढाच असतो. माझ्या मते हा शब्दप्रयोगच घातक आहे. हल्लेखोर मजकूर पुसून त्या जागी साधासुधा मजकूर ठेवतो आणि पी-कोड तसाच राहू देतो. याला ‘व्हीबीए स्टॉम्पिंग’ म्हणतात. 2019 मध्ये हे काम आपोआप करणारे साधन खुले झाले. ते सर्वांना द्यायला हवे होते का, यावर तेव्हा वाद झाला. मी देण्याच्या बाजूचा आहे, कारण तपासणी करणाऱ्या साधनांनी मजकूर आणि पी-कोड ताडून पाहायला त्यानंतरच जोमाने सुरुवात केली.

बेलापूरच्या संगणकावर ऑफिस 2016 होते, आमच्या बंदिस्त विंडोजवर 2010. त्यांच्याकडे पी-कोड चालला, आमच्याकडे निरुपद्रवी मजकूर. अहवालाने खोटे सांगितले नव्हते. आम्ही भलत्याच गोष्टीची परीक्षा घेतली होती.

मग फाइल लिनक्सच्या आभासी यंत्रावर नेली. नेटवर्क तोडलेले, सामायिक फोल्डर बंद आणि आधीच स्नॅपशॉट घेतलेला. तिथे वर्ड नाही, त्यामुळे मॅक्रो चालायचा प्रश्नच नव्हता.

```
olevba --show-pcode order.doc
```

मॅक्रो तपासणाऱ्या olevba या साधनाने छापलेल्या तक्त्यात `VBA Stomping` ही ओळ आली. मजकुरात तारीख लिहिणाऱ्या दोन ओळी होत्या. पी-कोडमध्ये मात्र हे होते (पत्ता बदलून देतो आहे):

```
LitStr 0x0014 "a/moc.elpmaxe//:ptth"
ArgsLd StrReverse 0x0001
St u
```

आधी उलटी अक्षरमाला, मग ती फिरवणारे फंक्शन, मग `u` मध्ये साठवण. हातानेच वाचले तर पत्ता निघतो: `hxxp://example[.]com/a`. चुकून कोणी क्लिक करू नये म्हणून तो असाच मोडून लिहायचा. पुढच्या ओळींत त्या पत्त्यावरून फाइल उतरवणारे `URLDownloadToFileA` होते आणि ती चालवण्यासाठी `rundll32` ची हाक होती.

त्या पत्त्यावर कार्यालयाच्या इंटरनेटवरून जाऊ नये. समोरच्याच्या नोंदींत आपला पत्ता उमटतो आणि तपास चालू असल्याचे त्याला कळते. आम्ही दुसऱ्या जोडणीवरून पाहिले तोवर तिथली फाइल गेलेली होती, हे नेहमीचेच. सुदैवाने बाधित संगणकाच्या `%TEMP%` मध्ये तिची प्रत होती. नावाचा शेवट .jpg, पण सुरुवातीची दोन अक्षरे `MZ`, म्हणजे विंडोजचा प्रोग्राम. ती कुठल्याही सार्वजनिक तपासणी सेवेवर चढवली नाही, फक्त तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा, शोधला. चढवलेली फाइल इतरांच्याही हाती पडते. नंतर खोट्या इंटरनेटला जोडलेल्या विंडोजवर ती चालवली. तिने `HKCU\Software\Microsoft\Windows\CurrentVersion\Run` मध्ये स्वतःची नोंद केली आणि ठरावीक अंतराने बाहेर संपर्क करायचा प्रयत्न केला. आदेश येतच नसल्याने तिची पुढची कामे दिसली नाहीत. तेवढ्यावरून ‘फक्त संपर्क करते’ असे अहवालात लिहिणे चूक ठरले असते.

2022 च्या फेब्रुवारीत इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच रोखायचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, जुलैमध्ये निर्णय थांबला आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू झाला. ही अडवणूक फाइलला चिकटलेल्या ‘इंटरनेटवरून आली’ या खुणेवर उभी आहे. ती खूण पुढे न नेणाऱ्या साधनाने झिप उलगडली, तर मॅक्रो पुन्हा एका पिवळ्या पट्टीवरच्या क्लिकइतका जवळ येतो. बेलापूरची फाइल झिपमधूनच आली होती.