दोन बँड म्हणजे दोन प्रती नव्हेत: साउदर्न आणि नॉर्दर्न ब्लॉट मागवण्यापूर्वी

ब्लॉटचा अहवाल हातात पडला की आमच्या प्रयोगशाळेत फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक वेळा या दोनांपैकी एक असतो. "दोन बँड आलेत, म्हणजे जनुकाच्या दोन प्रती ना?" किंवा "बँड ठळक आलाय, म्हणजे जनुक चांगलं चालतंय ना?" पहिल्याचं उत्तर "एन्झाइम कुठलं वापरलं त्यावर आहे" असं असतं. दुसऱ्याचं उत्तर साउदर्न ब्लॉट देऊच शकत नाही. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

डीएनए वेगळा करायचा, रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापायचा, तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे करून मेम्ब्रेनवर उतरवायचे आणि खूण लावलेल्या प्रोबने, म्हणजे आपल्या जनुकाला जुळणाऱ्या छोट्या तुकड्याने, आपला तुकडा शोधायचा, म्हणजे तो बँड म्हणून दिसतो. ही साउदर्न ब्लॉटची पद्धत एडविन साउदर्न यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी हीच युक्ती आरएनएवर वापरली गेली आणि त्यांच्या आडनावावर कोटी करून तिला 'नॉर्दर्न' म्हटलं गेलं. नॉर्दर्न नावाचे कोणी शास्त्रज्ञ नव्हते. हाही प्रश्न आम्हाला येतो.

नावं जुळी असली तरी दोघांचं काम वेगळं आहे. साउदर्न सांगतो की जनुक जीनोममध्ये आहे का, किती ठिकाणी बसलंय आणि अखंड आहे का. पानातून, मुळातून किंवा बियांतून घेतलेला डीएनए सारखंच उत्तर देतो, कारण जनुक बंद असलं तरी ते जागेवरच असतं. नॉर्दर्न सांगतो की त्या जनुकावरून आरएनए बनला का, साधारण किती बनला आणि त्याची लांबी काय आहे. इथे मात्र नमुना कोणत्या भागाचा आणि कोणत्या वेळी घेतला, यावर उत्तर बदलतं.

आता ज्या चुकीत ग्राहकांचा सर्वांत जास्त वेळ जातो ती. एका ग्राहकाने जनुक-रूपांतरित रोपांच्या तीन ओळींचा डीएनए पाठवला. टी-डीएनए, म्हणजे रोपाच्या जीनोममध्ये घातलेला डीएनएचा पट्टा, ५ किलोबेस लांब होता आणि प्रोब ८०० बेसचा. एन्झाइम त्यांनीच ठरवलं होतं, इकोआरवन, कारण फ्रीजमध्ये तेच होतं. पहिल्या ओळीत दोन बँड आले (३.१ आणि ४.६ किलोबेस), दुसरीतही दोन, तिसरीत चार. त्यांना एक प्रत असलेली ओळ हवी होती, तेव्हा त्यांनी तिन्ही ओळी बाद करायला घेतल्या.

आम्ही नकाशा मागितला. इकोआरवन टी-डीएनएला एकदाच कापत होतं, पण नेमकं प्रोब जिथे चिकटतो त्या पट्ट्याच्या मध्यावर. म्हणजे प्रत्येक प्रतीचे दोन तुकडे होत होते आणि अर्धा अर्धा प्रोब दोघांनाही चिकटत होता. बँडची संख्या प्रत्येक ओळीत सम आहे, ही त्याची खूण. अशी सम रांग दिसली की आधी एन्झाइमवर संशय घ्यावा.

मग हिंडथ्री घेतलं. तेही टी-डीएनएला एकदाच कापतं, पण प्रोबच्या बाहेर, उजव्या टोकापासून ३.४ किलोबेसवर, आणि प्रोब त्या जागेच्या उजवीकडेच आहे. तुकड्याचं एक टोक टी-डीएनएमध्ये पक्कं, दुसरं शेजारच्या जीनोममधल्या हिंडथ्रीच्या जागेवर. ही जागा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अंतरावर असते, म्हणून प्रत्येक प्रतीला आपला वेगळ्या लांबीचा बँड मिळतो. पहिल्या ओळीत आता एकच बँड आला, ५.८ किलोबेसचा. दुसरीत एक, तिसरीत दोन. बँड ३.४ पेक्षा लहान आला असता, तर टी-डीएनए अर्धवट तुटून बसला असण्याची शक्यता होती. दोन प्रती शेजारी शेजारी एकाच दिशेने बसल्या असत्या, तर बरोबर ५ किलोबेसचा एक ठरावीक बँड दिसला असता. म्हणून महत्त्वाच्या ओळींसाठी आम्ही दुसऱ्या एन्झाइमनेही पडताळणी सुचवतो. ही कामं वाढवण्याची युक्ती नाही. दोन प्रतींचे तुकडे योगायोगाने सारख्या लांबीचे निघाले तर एका एन्झाइमने ते कळत नाही.

साउदर्नवर पहिली आणि दुसरी ओळ आता सारख्याच चांगल्या दिसत होत्या. तिन्हींचा नॉर्दर्न केला. आरएनए १.५ किलोबेसचा यायला हवा होता. पहिल्या ओळीत तो तेवढाच आणि ठळक आला. दोन प्रतींच्या तिसऱ्या ओळीत तो फिकट होता. जास्त प्रती असल्या की पेशी कधी कधी ते जनुकच दाबून टाकते, तेव्हा प्रती वाढल्या म्हणून आरएनए वाढेलच असं धरू नका. दुसऱ्या ओळीत बँड ठळक होता, पण २.४ किलोबेसचा. आरएनए जिथे संपायला हवा तिथे न संपता पुढे वाहत गेला होता.

"क्यूपीसीआर असताना नॉर्दर्न कशाला?" याचं आमचं उत्तर ही दुसरी ओळ आहे. क्यूपीसीआर जलद आणि जास्त संवेदनशील आहे, प्रमाण मोजायला तेच वापरा. पण ते आरएनएचा शंभर-दोनशे बेसचा तुकडाच पाहतं. तो तुकडा १.५ किलोबेसच्या आरएनएमध्येही असतो आणि २.४ च्याही, त्यामुळे दोन्ही ओळी सारख्याच चांगल्या दिसल्या असत्या.

एकाच नमुन्यातून दोन्ही ब्लॉट का करत नाही, असंही विचारतात. साउदर्नमध्ये जेलला अल्कलीत ठेवून डीएनएचे दोन धागे सुटे करावे लागतात, नाहीतर प्रोबला चिकटायला जागा मिळत नाही. आरएनए त्याच अल्कलीत तुटून जातो. तो एकेरीच असतो, फक्त स्वतःभोवती दुमडू नये म्हणून फॉर्मल्डिहाइडच्या जेलवर चालवतात.

डीएनए प्रत्येक रांगेसाठी १० मायक्रोग्रॅम मागतो, तो हावरटपणा नाही. साउदर्नमध्ये काहीही वाढवून घेतलं जात नाही, आहे तेवढंच दिसतं. गव्हाचा जीनोम भाताच्या सुमारे चाळीस पट आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनात आपलं जनुक कितीतरी कमी वेळा येतं. गव्हासाठी जास्त डीएनए लागतो.

आरएनएबाबत आम्ही थोडे कडक आहोत. आल्यावर आधी जेलवर तपासतो, रायबोसोमल आरएनएचे दोन ठळक बँड स्पष्ट नसतील तर काम थांबवून कळवतो. तुटलेल्या आरएनएवर ब्लॉट केला तर खालच्या बाजूला नुसता धूर दिसतो आणि पैसे मात्र पूर्ण ब्लॉटचे लागतात. हिरव्या पानांच्या नमुन्यात हरितलवकाच्या रायबोसोमचे जादा बँड दिसतात, त्याला खराबी समजून घाबरू नका. शक्यतो आरएनए काढून न पाठवता द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेलं पानच कोरड्या बर्फात पाठवा. वाटेत वितळलं तर पुन्हा गोठवू नका, आम्हाला सांगा.

आणि नमुन्याआधी नकाशा पाठवा. कागदावर हाताने काढलेला चालेल: टी-डीएनएची दोन टोकं, प्रोब कुठून कुठपर्यंत, आणि पूर्ण अनुक्रमाची फाइल. एन्झाइम आम्ही निवडून देतो आणि अपेक्षित तुकड्यांची लांबी आधीच लिहून कळवतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. चुकीच्या एन्झाइमने केलेला ब्लॉट पुन्हा करण्यात आमचाही आठवडा जातो.