फडावरून बूथपर्यंत: मत द्यायला माणूस का जातो?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. नेमके हेच दिवस ऊसतोडीचे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतले कोयते दिवाळी झाली की सांगली-कोल्हापूरकडे निघतात, काही कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, फडाजवळ कोपी पडते आणि चार-पाच महिने तोच मुक्काम असतो. मतदारयादीत नाव मात्र गावाकडे.

अशी एक जोडी मतदानासाठी सांगलीजवळच्या फडावरून बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी येते असे धरू. जाण्यायेण्याचे भाडे लागते, दोन दिवसांची मजुरी बुडते आणि वर खाडा लागतो, म्हणजे काम चुकले म्हणून मुकादम पैसे कापतो. बाईचे एसटीचे तिकीट अर्धे धरले तरी दोघांचा मिळून तीन हजारांचा खड्डा पडतो असे समजू. माणशी दीड हजार. राज्यशास्त्रातल्या एका मोठ्या सिद्धान्ताला या प्रवासाचा अर्थ नीट लावता आलेला नाही, आणि तो का लावता येत नाही हे पाहिले की त्या सिद्धान्ताची गृहीतके एकेक करून उघडी पडतात.

हा सिद्धान्त म्हणजे विवेकी निवडीचा सिद्धान्त, रॅशनल चॉइस थिअरी. त्याचे म्हणणे साधे आहे. माणसाला काय हवे ते त्याला ठाऊक असते, समोरच्या पर्यायांचा नफा-तोटा तो तोलतो आणि ज्यात जास्त लाभ तो पर्याय घेतो. बाजारातल्या गिऱ्हाइकासाठी बनवलेली ही मांडणी अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ मध्ये मतदाराला लावली. त्याचे गणित असे: माझा उमेदवार निवडून आल्याने मला होणारा फायदा घ्यायचा, माझ्याच एका मताने निकाल बदलण्याची शक्यता किती त्याने त्याला गुणायचे आणि त्यातून मतदानाला जाण्याचा खर्च वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर आले तर जायचे, नाही तर घरी बसायचे.

आता आपल्या जोडीचा हिशोब मांडू. मतदारसंघात दोन तगडे उमेदवार आहेत आणि एकूण अडीच लाख मते पडतात असे धरू. लढत चुरशीची आहे, म्हणजे एखाद्याला ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये कितीही मते पडू शकतात आणि त्यातला कोणताही आकडा सारखाच संभवतो. मग त्याची मते १,१२,५०० पासून १,३७,५०० पर्यंत कुठेही असू शकतील. अशा सुमारे २५ हजार शक्यता झाल्या. त्यांतल्या बरोबरीच्या जागी काटा थांबला तरच आपले एक मत निर्णायक ठरते. म्हणजे शक्यता २५ हजारांत एक. दीड हजार रुपयांचा खर्च वसूल व्हायचा तर उमेदवार निवडून आल्याने त्या एका मजुराला पावणेचार कोटी रुपयांचा फायदा व्हायला हवा. पाणी, रस्ता, घरकुल, पोरांची शाळा सगळे जोडले तरी एका माणसाच्या वाट्याला एवढे कुठून येणार?

हे गणित मी चुरशीची लढत धरून केले. चुरस खरोखर कशी असते तेही पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. पंधरा लाखांच्या आसपास मतांत हा फरक नगण्यच म्हणायचा. तरीही त्या दिवशी कोणीही एक मतदार घरी बसला असता तरी निकाल जागचा हलला नसता. एका मताने पडलेले उमेदवार आहेत, नाही असे नाही. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले. पण ते उदाहरण आजही सांगितले जाते, कारण तसे क्वचितच घडते.

थोडक्यात, सिद्धान्त म्हणतो की शहाण्या माणसाने मत द्यायला जाऊच नये. आणि प्रत्यक्षात कोट्यवधी माणसे जातात. याला मतदानाचा विरोधाभास म्हणतात.

१९६८ मध्ये विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डशुक यांनी यावर तोड काढली. त्यांनी डाउन्सच्या समीकरणात आणखी एक पद घातले: मत देण्याच्या कृतीतूनच मिळणारे समाधान. कर्तव्य केल्याचे, आपल्या पक्षाच्या बाजूने उभे राहिल्याचे, लोकशाही टिकवायला हातभार लावल्याचे. हे समाधान निकालावर अवलंबून नसते, त्यामुळे २५ हजारांनी त्याला भागावे लागत नाही. ते दीड हजारांहून मोठे ठरले की माणूस एसटीत बसतो.

टीकाकारांनी नेमके इथेच बोट ठेवले, आणि माझ्या मते ते बरोबर होते. जो मतदानाला आला त्याचे समाधान खर्चापेक्षा मोठे होते, जो आला नाही त्याचे लहान होते, असे म्हटले की सिद्धान्त कधीच चुकत नाही. पण मग तो काही सांगतही नाही. समाधान किती आहे ते आधी वेगळ्या मार्गाने मोजता आले तरच या पदाला अर्थ आहे. १९९४ मध्ये डोनाल्ड ग्रीन आणि इयन शापिरो यांनी या साऱ्या संशोधनाची झाडाझडती घेतली तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप असाच होता: पुरावा आडवा आला की गृहीतकात नवे कलम घालायचे आणि सिद्धान्त शाबूत आहे असे म्हणायचे.

दुसरी दुरुस्ती मला अधिक पटते, कारण ती पहिल्या गृहीतकालाच हात घालते. डाउन्सच्या गणितात फायदा फक्त स्वतःचा धरला आहे. पण विवेकी असणे आणि स्वार्थी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, आपल्या मजुराला वाटते की अमुक उमेदवार आला तर मतदारसंघातल्या चार लाख माणसांचे प्रत्येकी हजार रुपयांचे भले होईल. एकूण ४० कोटी. दुसऱ्याच्या एका रुपयाला तो स्वतःचे फक्त दहा पैसे मानतो असे धरले तरी ४ कोटी झाले. २५ हजारांनी भागा: १,६००. खर्च १,५००. हिशोब जमला! मतदारसंघ मोठा होईल तशी एका मताची शक्यता घटते, पण भले होणारी माणसेही त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून गुणाकार जवळपास जागच्या जागी राहतो. म्हणजे डाउन्सची अडचण विवेकाच्या गृहीतकातून आली नव्हती, ती स्वार्थाच्या गृहीतकातून आली होती. अर्थात हे हजार रुपये मी धरलेले आहेत. उमेदवारांत फारसा फरक नाही असे ज्याला वाटते, त्याचा हिशोब इथेही कोसळतो.

आणि एक गोष्ट या दोन्ही दुरुस्त्यांत बसत नाही. दोन्हींतला मतदार एकटा आहे. त्याला कोणी पाहत नाही, तो कोणाला तोंड देत नाही. आपल्याकडच्या गावात असे मतदान होते का? बूथपासून थोड्या अंतरावर टेबल मांडून बसलेला कार्यकर्ता यादीवर खूण करत असतो. दुपारी दोन वाजता त्याला ठाऊक असते की वरच्या आळीतल्या कुठल्या घरचे कोण अजून आलेले नाही. भावकीतला कोणी फोन करतो. फडावरून आणायला गाडीही येते. उमेदवाराने मतदारांची अशी ने-आण करणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते, तरी ती होते हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी आली की भाड्याचा खर्च मिटला, एवढेच डाउन्सचे गणित सांगेल. पण ती गाडी कोणी पाठवली आणि तिला नाही म्हणणे किती जड जाते, हे त्या गणितात नाही.

दुसऱ्याच्या नजरेला किती वजन असते ते मोजलेले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पक्षांतर्गत निवडणुकीआधी अॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर यांनी मोठा प्रयोग केला. तिथे कोणाला मत दिले ते गुप्त असते, पण मत दिले की नाही याची नोंद सार्वजनिक असते. ज्यांना काहीच पत्र पाठवले नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झाले. ‘मतदान हे कर्तव्य आहे’ एवढेच सांगणारे पत्र गेले तिथे ३१.५ टक्के. आणि ज्या पत्रात आधीच्या निवडणुकांत तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणी मत दिले याची यादी छापली होती, शिवाय या वेळची यादीही पाठवू असे म्हटले होते, तिथे ३७.८ टक्के. कोणाची घरे निवडायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले होते, त्यामुळे हा फरक पत्रामुळेच पडला असे खात्रीने म्हणता येते. कर्तव्याच्या आठवणीने दोन टक्केही वाढले नाहीत, शेजाऱ्याच्या नजरेने आठ वाढले.

स्वित्झर्लंडचा अनुभव तर डाउन्सच्या गणिताला थेट छेदतो. तिथल्या प्रांतांनी एकामागून एक टपालाने मत पाठवायची सोय केली. खर्च कमी झाला, म्हणजे मतदान वाढायला हवे. पॅट्रिशिया फंक यांनी आकडे तपासले तेव्हा एकूण मतदानात फारशी वाढ दिसली नाही, आणि लहान गावांचे प्रमाण मोठे असलेल्या प्रांतांत तर ते काही ठिकाणी उतरले. त्यांचा खुलासा असा की लहान गावात बूथवर जाणे म्हणजे चारचौघांत दिसणे. टपालाची सोय आली आणि कोण मत देतो हे कळेनासे झाले.

म्हणून हा सिद्धान्त टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. माणूस मतदानाला मुळात का जातो हे त्याला सांगता येत नाही, पण थोडे इकडेतिकडे झाले तर संख्या कोणत्या दिशेने सरकेल हे तो बऱ्याचदा बरोबर सांगतो. लढत चुरशीची असली की मतदान वाढते, बूथ लांब असले की घटते, हे अनेक देशांत दिसले आहे. मात्र खर्च ज्याला सर्वांत जड, तो सर्वांत आधी गळायला हवा, हा अंदाज आपल्याकडे उलटा पडतो. २०२४ च्या विधानसभेला मुंबईतल्या कुलाब्यासारख्या सुखवस्तू मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले. ग्रामीण महाराष्ट्रात चित्र यापेक्षा खूप चांगले होते.

या सगळ्याची खरी परीक्षा मराठवाड्यातच घेता येईल. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल अशी त्याची रचना होती. राजकीय पक्षांच्या आक्षेपांनंतर तो विषय रेंगाळला. समजा, उद्या ते यंत्र कारखान्याच्या तळावर आले. मजुराचा दीड हजारांचा खर्च जवळजवळ शून्य होईल, आणि डाउन्स बरोबर असेल तर कोयत्यांचे मतदान झपाट्याने वाढेल. पण त्या तळावर यादीवर खूण करणारा गावचा कार्यकर्ता नसेल, भावकी नसेल, गावाकडून आलेली गाडी नसेल. तिथे असेल तो मुकादम. मतदान वाढले, तर ते किती खर्च वाचल्यामुळे आणि किती मुकादमाच्या नजरेमुळे, हे वेगळे करायचे तर काही तळांवर यंत्र आधी आणि काही तळांवर नंतर द्यावे लागेल, आणि एकाच मुकादमाच्या टोळ्या दोन्हीकडे विभागलेल्या असाव्या लागतील.