शौचालयाचे १२ हजार : ग्रामसभेत बोललो ते, आणि फॉर्म नेमका कुठं अडकतो ते

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मला दहा मिनिटं दिली होती, बोललो पाऊण तास. विषय एकच, ज्यांच्या घरी अजून संडास नाही त्यांनी बांधा, आणि ज्यांनी बांधून त्यात गोवऱ्या भरून ठेवल्यात त्यांनी गोवऱ्या बाहेर काढा. सभा संपल्यावर वीसेक जण मागं लागले की फॉर्मचं परत सांगा, म्हणून तेच इथं लिहून काढतोय. गेली काही वर्षं गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देतो आणि परत आलेले पण बघतो, त्यामुळं कुठं पाय घसरतो ते माहितीये.

आधी पैशाचं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमधून घरगुती शौचालयाला १२,००० मिळतात, त्यात केंद्राचे ७,२०० आणि राज्याचे ४,८००. ह्याला प्रोत्साहन अनुदान म्हणतात आणि "प्रोत्साहन" ह्या शब्दावरच सगळी फसगत आहे. लोकांना वाटतं सरकार संडास बांधून देतंय. तसं नाहीये. तुम्ही बांधायचा, मग फोटो, मग तपासणी आणि मग पैसे. आमच्याकडे तरी एकदाही आधी पैसे आलेले मी पाहिले नाहीत. सभेत एक तात्या उठून म्हणाले, "आधी पैसे टाका, मग खड्डा खांदतो." तात्या, ह्याच वाक्यावर गेली सहा वर्षं तुमचा खड्डा अडलाय.

कोणाला मिळतं? दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्यांना. आणि दारिद्र्यरेषेच्या वरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प आणि अत्यल्प भूधारक शेतकरी, स्वतःचं घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि जिथं बाईच कुटुंबप्रमुख आहे अशी घरं. ही दुसरी यादी लोक वाचतच नाहीत. केशरी कार्ड आहे म्हणजे आपलं काही नाही असं समजून गप घरी बसतात. अहो, जमीन पाच एकरापर्यंत असेल तर तुम्ही अल्पभूधारक आहात, तसा दाखला काढा आणि जोडा. गेल्या वर्षी आमच्या इथं एका आक्कांचं असंच झालं, नवरा वारलेला, घर त्यांच्याच नावावर, कार्ड केशरी. त्यांना कोणीतरी सांगितलेलं की पिवळं कार्ड लागतं. दोन वर्षं त्या पहाटे चारला उठून ओढ्याला जात होत्या, आणि बसत होत्या सरळ सरळ महिला कुटुंबप्रमुखात.

आता खरी गोम. फॉर्म कागदासाठी कमी आणि जुन्या नावासाठी जास्त बाद होतात. २०१२ ला बेसलाईन सर्व्हे झाला, घरोघर जाऊन कोणाकडं संडास आहे कोणाकडं नाही हे लिहून घेतलं. त्या वेळी कोणीतरी ओट्यावर बसूनच पंचवीस घरांपुढं "आहे" लिहून टाकलं असेल तर तुम्ही आज कंप्युटरमध्ये संडासवाले आहात, भले घरामागं नुसती बाभळ असो. दुसरं म्हणजे स्वच्छ भारतच्या आधीच्या निर्मल भारत योजनेच्या काळात आजोबांनी एकत्र कुटुंबासाठी अनुदान उचललेलं असतं. तो संडास केव्हाच पडला, भाऊ वेगळे झाले, आणि आता नातू फॉर्म भरतो तर "लाभ घेतलेला आहे" म्हणून परत. एका कुटुंबाला एकदाच, पडझड झाली म्हणून परत मिळत नाही, हा नियम पक्का आहे. पण तुमची चूल खरोखर वेगळी असेल, रेशनकार्ड विभक्त असेल, घराला वेगळा नंबर असेल तर तुम्ही नवीन कुटुंब आहात आणि नवीन कुटुंबांना स्वच्छ भारतच्या ह्या दुसऱ्या टप्प्यात जागा ठेवलेली आहे. म्हणून फॉर्म भरायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन आपलं नाव यादीत कसं पडलंय ते डोळ्यानं बघा. चुकून "आहे" पडलं असेल तर तोंडी भांडून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, ग्रामसेवकाला जागेवर आणून पाहणी करायला लावा, ग्रामसभेच्या ठरावात नाव घ्या आणि तो ठराव पंचायत समितीच्या स्वच्छ भारत कक्षापर्यंत गेला का ते विचारत राहा. ठराव करून कपाटात ठेवायची आपल्याकडं फार जुनी सवय आहे.

मग तो कोणाकडंच नसलेला कागद, नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराचा उतारा. घर पणजोबाच्या नावावर, पणजोबा फोटोत. वारस नोंद केलेली नाही कारण भावाभावांत बोलणं नाही. अनुदानासाठी भाऊबंदकी मिटायची वाट बघू नका, घराच्या उताऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीतच देता येतो, मृत्यू दाखला आणि वारसांची नावं लागतात. नोंदीला वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी.

बाकी आधार आणि पासबुकाचं पहिलं पान. पासबुक जुनं असेल तर आधी बँकेतून नवीन छापून घ्या, बँकांच्या विलीनीकरणात बऱ्याच शाखांचे आयएफएससी कोड बदललेत आणि जुना कोड टाकला की पैसे परत जातात. नाव पण आधारसारखंच पाहिजे. एकाचं आधारवर "पांडुरंग", पासबुकात "पांडू", चार महिने गेले.

फॉर्म ऑनलाईन swachhbharatmission.ddws.gov.in वर, Citizen Corner मध्ये Application Form for IHHL, IHHL म्हणजे घरगुती शौचालय. मोबाईलवर ओटीपी येतो, माहिती भरा, पासबुकाचा फोटो टाका, अर्ज नंबर लिहून ठेवा. जमत नसेल तर ग्रामपंचायतीत भरून घ्या. आणि घरकुलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, घरकुलाच्या १ लाख २० हजारांत संडास धरलेला नाही, त्याचे १२ हजार वेगळे असतात, पण ते एकाच ठिकाणाहून, स्वच्छ भारतमधून नाहीतर रोजगार हमीतून.

आता सभेतला सगळ्यात मोठा आवाज. "१२ हजारात काय होतंय? गवंडी सत्तर सांगतोय." बरोबर आहे, कारण गवंडी तुम्हाला "सेफ्टी टँक" सांगतोय. दहा फूट खोल, सगळीकडून प्लास्टर, वर स्लॅब. खेड्यातल्या पाच-सहा माणसांच्या घराला त्याची गरजच नाही. दोन शोषखड्डे घ्या. प्रत्येक खड्डा एक मीटर रुंद, साधारण तेवढाच खोल, आतून विटांचं जाळीचं बांधकाम म्हणजे विटेविटेत फट ठेवायची, आणि तळ मातीचाच ठेवायचा. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर. भांड्याकडून येणारा पाईप मधल्या छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून दोन वाटा, एक वाट विटेनं बंद. पाणी मातीत मुरतं, गॅस पण मातीत जातो, वर पाईप काढायची गरज नाही.

माझ्या चुलतभावानं गेल्या उन्हाळ्यात बांधला त्याचा हिशोब सभेत वाचून दाखवला. दोन्ही खड्डे आणि खोली मिळून ८०० विटा, ६,४००. सिमेंट आठ-नऊ गोण्या, ३,४००. वाळू २,०००. भांडं आणि ट्रॅप ९००, पाईप ७००, दरवाजा २,५००, पत्रा १,२००, खड्ड्यांची झाकणं १,५००, गवंडी तीन दिवस २,७००. खांदकाम घरच्यांनी केलं. झाले २१,३००. म्हणजे १२ वजा जाता ९,३०० पदरचे. हे खोटं बोलून झाकायचं नाही, पदरचे लागतातच. पण सत्तर नाही लागत. सुरुवातीचे पैसे वहिनीनं बचत गटातून उचलले आणि अनुदान आल्यावर गटात भरले. सावकाराकडं जायचं काम नाही.

दोन ठिकाणी मात्र गवंड्याच्या डोक्यावर उभं राहा. एक, खड्ड्याच्या तळाला कोबा करू देऊ नका, तो "मजबूत करतो" म्हणून करतोच, मग पाणी मुरत नाही आणि सहा महिन्यांत खड्डा वर येतो. दुसरं, आपली काळी चिकट जमीन असेल तर विटांच्या बाहेरून वीतभर वाळू-खडी भरा, नाहीतर पावसाळ्यात तेच होतं. विहीर, हापसा ह्यांच्यापासून तीस-चाळीस फूट लांब.

सवयीचं बोलणं अवघड असतं. एक आजोबा म्हणाले, "कोंडल्यासारखं होतं रे, मोकळ्यावर गेल्याशिवाय होतच नाही." हसले सगळे. मी नाही हसलो, कारण आमचे आबा पण हेच म्हणायचे. त्यांच्यासाठी आम्ही पत्र्याखाली वीतभर मोकळं ठेवलं, दाराला वर जाळी लावली आणि भिंतीला धरायला एक पाईप ठोकला. गुडघे दुखायला लागल्यावर त्या पाईपापायी ते आपोआप घरात जायला लागले.

पण खरी अडचण आजोबांची नाहीच. खरी अडचण अशी की घरात संडास आहे, पण वापरतात फक्त बायका आणि पाव्हणे, गडी माणसं बाहेर. का तर "खड्डा लवकर भरंल". बाबांनो, भरतो तो गाळ, पाणी नाही. एका माणसाचा वर्षाचा गाळ चाळीस-पन्नास लिटर, खड्ड्यात मावतो साडेसातशेच्या वर. पाच माणसांच्या सगळ्या घरानं रोज वापरला तरी तीन वर्षं जातात. भरला की चेंबरमधली वीट काढून दुसऱ्या वाटेला लावायची, पहिला खड्डा दोन वर्षं झाकून ठेवायचा.

"मग तो उपसणार कोण?" हा प्रश्न सभेत कोणी मोठ्यानं विचारत नाही, मनात सगळ्यांच्या असतो. उत्तर असं, घरच्यानंच. आमचा पहिला खड्डा मी स्वतः उघडला, दोन वर्षं बंद होता. बायको नाकाला पदर लावून दारात उभी. झाकण काढलं तर आत काळी भुरभुरीत माती, जुन्या शेणखतासारखी, वास म्हणाल तर पावसानंतरच्या बांधाचा. फावड्यानं काढून आंब्याच्या बुडाला टाकली. सेफ्टी टँकमध्ये हे होत नाही, तिथं ओला मैला राहतो, गाडी बोलवावी लागते, आणि माणूस आत उतरवून उपसून घेणं हा तर २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटचं फोटोचं. बांधकाम झाल्यावर जिओटॅग फोटो होतो, त्यात लाभार्थी स्वतः संडासासमोर उभा पाहिजे, दार बसवलेलं, भांडं बसवलेलं, पाण्याची टाकी नाहीतर बॅरल हात धुवायला ठेवलेलं. दार "नंतर लावू" म्हणणारे तीन जण आमच्याकडं अजून लटकलेत. फोटो काढायला माणूस येईल त्या दिवशी लाभार्थी मुंबईला पोराकडं गेलेला नको.

सभा संपल्यावर तात्या गाठून म्हणाले, खड्डा परसात घेऊ का गोठ्यामागं. गोठ्यामागं विहीर पंधरा फुटांवर, म्हणून परसात. सोमवारी नमुना आठ घेऊन या म्हटलंय, त्याच्यावर अजून त्यांच्या चुलत्याचं नाव आहे.