राखीव वेतन

राखीव वेतन (रिझर्व्हेशन वेज) : नोकरी शोधणारी व्यक्ती ज्याहून कमी पगाराची नोकरी नाकारते आणि ज्याहून अधिक पगाराची स्वीकारते, ती पगाराची सीमारेषा. कायद्याने ठरवून दिलेल्या किमान वेतनाशी तिचा संबंध नाही. ही रेषा ज्याची त्याने आखलेली असते आणि परिस्थिती बदलली की ती वरखाली सरकते.

हातात काम नसताना आलेली नोकरी नाकारणे वरवर पाहता आडमुठेपणाचे वाटते. पण नोकऱ्या एकदम समोर मांडलेल्या नसतात. त्या एकामागून एक येतात आणि पुढची किती पगाराची असेल हे आधी कळत नाही. सारख्याच कामाला वेगवेगळे मालक वेगवेगळा पगार देतात. त्यामुळे आज होकार देणे म्हणजे उद्याच्या कदाचित चांगल्या नोकरीची संधी सोडणे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी माहिती मिळवण्याला खर्च येतो, या अंगाने शोधाचा विचार मांडला. नोकऱ्या एकेक करून येतात आणि प्रत्येक वेळी हो किंवा नाही म्हणायचे असते, हे गणित जॉन मॅकॉल यांनी १९७० मध्ये मांडले.

एक सोपा हिशेब पाहू. एका व्यक्तीपुढे सहा महिन्यांचा काळ आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला एक नोकरी चालून येते. तिचा पगार १०, २० किंवा ३० एकक असू शकतो आणि तिन्हींची शक्यता सारखी आहे. नोकरी घेतली तर ती काळ संपेपर्यंत टिकते. नाकारली तर त्या महिन्यात बेकारी भत्त्याचे ६ एकक मिळतात.

हा हिशेब शेवटाकडून मागे करायचा असतो. एकच महिना उरला असेल तर १० सुद्धा ६ पेक्षा बरे, म्हणून कोणतीही नोकरी चालते; सरासरी अपेक्षा २० ची. दोन महिने उरले असतील तर नकार देणाऱ्याला या महिन्याचे ६ आणि पुढच्या महिन्याचे सरासरी २०, म्हणजे २६ मिळतील. १० ची नोकरी दोन महिन्यांत २० देते, म्हणून ती नाकारावी. येथे सीमारेषा महिन्याला १३ झाली. असेच मागे जात राहिले की तीन महिन्यांना ती १६, चार महिन्यांना १८, पाच महिन्यांना सुमारे १९.३ आणि सहा महिन्यांना सुमारे २०.३ येते. याचा अर्थ, पहिल्या महिन्यात २० ची नोकरी आली, जी नेमकी सरासरी पगाराची आहे, तरी ती नाकारणेच हिशेबाने योग्य ठरते. तीच नोकरी महिन्याभराने पुन्हा आली तर मात्र आनंदाने घ्यावी. माणूस तोच असतो, वाट पाहायला उरलेला वेळ तेवढा कमी झालेला असतो.

भत्ता काढून टाकला तर सहा महिन्यांची सीमारेषा सुमारे १८.८ वर उतरते आणि २० ची नोकरी पहिल्याच महिन्यात स्वीकारली जाते. बेकारी भत्त्याने शोधकाळ लांबतो, हा आक्षेप येथून येतो. पण तो अर्धाच सांगितला जातो. ज्याच्याजवळ बचत नाही आणि कर्जही मिळत नाही, तो गरजेपोटी आपल्या कौशल्याला न शोभणारे काम पत्करतो. भत्ता त्याला नीट निवड करण्याइतका श्वास देतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पगारांत तफावत असल्याशिवाय थांबण्याला अर्थ नसतो. वरच्या उदाहरणात सगळ्या नोकऱ्या २० च्याच असत्या तर पहिलीच घेणे शहाणपणाचे ठरले असते. उलट सरासरी तीच ठेवून पगार अधिक विखुरले, तर राखीव वेतन सहसा वाढते, कारण वाईट नोकरी नाकारता येते आणि चांगली हाती लागू शकते. नोकऱ्या विरळ येऊ लागल्या तर ते घसरते. म्हणून मंदीत लोक कमी पगारावरही राजी होतात, निदान सिद्धांत तरी असे म्हणतो.

पीटर डायमंड यांनी १९७१ मध्ये या विचारातली एक अडचण दाखवली. सगळे शोधणारे सारखे असतील आणि शोधाला थोडा जरी खर्च येत असेल, तर कोणताही मालक राखीव वेतनापेक्षा जास्त का देईल? मग सगळेच पगार तिथे येऊन थांबतात आणि ज्या तफावतीसाठी शोध चालला होता तीच उरत नाही. या कोड्याची सोडवणूक करताना पुढे नोकरीत असतानाच दुसरी शोधणारे कामगार आणि पगारावरची घासाघीस हे घटक सिद्धांतात आले. २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना शोधाच्या अडथळ्यांवरील कामासाठीच मिळाले.

प्रत्यक्ष मोजमाप अवघड आहे. ॲलन क्रूगर आणि आंद्रेआस म्यूलर यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात भत्ता घेणाऱ्या बेकारांना आठवड्यामागून आठवडे विचारले, तेव्हा लोकांनी सांगितलेले राखीव वेतन बेकारी लांबली तरी फारसे खाली येत नव्हते. वरचा हिशेब मात्र घसरण दाखवतो. शिवाय अनेकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्याखालची नोकरीही घेतली. पगाराशिवाय कामाचे तास, अंतर आणि पुढे बढतीची आशा यांचाही निर्णयात वाटा असतो; एका आकड्यात ते सगळे मावत नाही.